जत्रेतल्या चेंगराचेंगरीची पहिल्या दिवशीची बातमी: कारण लिहायचं की नाही?

तालुका_वार्ताहर
नमस्कार. मी एका जिल्हा दैनिकाला तालुक्यातून बातम्या पाठवतो. गेल्या वर्षी आमच्याकडच्या डोंगरावरच्या देवीच्या जत्रेत पायऱ्यांवर गर्दी अडकली. अकरा जण जखमी झाले, देवीच्या कृपेने जीव कोणाचा गेला नाही. मी रात्री बातमी दिली: "विजेचा शॉक लागल्याच्या अफवेने भाविकांमध्ये पळापळ, चेंगराचेंगरीत अकरा जखमी."

तीन दिवसांनी एक जखमी बाई भेटल्या. म्हणाल्या, "पळायला जागा कुठं होती? अर्धा तास आम्ही जागच्या हललो नव्हतो. शॉकचं मी दवाखान्यात ऐकलं." अफवेचं मला ज्यांनी सांगितलं होतं ते स्वतः पायऱ्यांवर नव्हतेच, खाली मंडपात होते. मी त्यांना विचारलंही नव्हतं की तुम्ही नेमके कुठे उभे होता.

यंदाची जत्रा पंधरा दिवसांवर आलीय. असं काही घडलंच तर पहिल्या दिवशी काय लिहावं, काय राखून ठेवावं? आणि आधीच जाऊन काय बघून ठेवता येईल?

कृष्णाकाठ
हा प्रश्न आम्ही २००५ मध्ये विचारायला हवा होता. २५ जानेवारी, मंगळवार, पौष पौर्णिमा. वाई तालुक्यातल्या मांढरदेवच्या काळुबाईची यात्रा. मी तेव्हा उपसंपादक होतो, रात्रपाळीला.

संध्याकाळपासून टेबलावर वेगवेगळ्या हकिकती येत होत्या. एकात नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झाल्या, लोक घसरले, वरून माणसं पडत गेली. दुसऱ्यात विजेचा धक्का. तिसऱ्यात दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले, म्हणून लोक पळाले. आणि चौथी हकिकत बरोबर उलटी: माणसं आधी मेली, मग संतापलेल्या जमावाने दुकानं पेटवली. म्हणजे आग कारण की परिणाम, हेच ठरत नव्हतं. आम्ही एक निवडलं आणि मथळ्यात घातलं. कोणतं ते सांगत नाही, पण निवडायचं कारण एवढंच होतं की ते एका ओळीत बसत होतं.

आकड्याचंही तेच. आज बहुतेक ठिकाणी २९१ मृत्यू असं सापडेल, काही ठिकाणी तीनशेहून जास्त. त्या रात्री दर तासाला वेगळा आकडा होता आणि आम्ही सगळ्यात मोठा घेतला. आकडा मोठा घेतला याची लाज नाही वाटत. कोणी सांगितला आणि किती वाजता, हे छापलं नाही याची वाटते. "रात्री साडेनऊपर्यंत अमुक रुग्णालयात इतके मृतदेह" असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी तो आकडा खोटा ठरला नसता, फक्त जुना ठरला असता.

नाशिकचा_नाना
कारणाशिवाय बातमी कशी होईल? वाचक पहिला प्रश्न तोच विचारणार. आणि कारण बहुतेक वेळा साधंच असतं. आमच्याकडे २००३ च्या कुंभमेळ्यात, २७ ऑगस्टला, ३९ माणसं गेली. एका साधूने चांदीची नाणी उधळली, ती वेचायला लोक वाकले आणि खेळ खलास. शिस्त नाही हो आपल्या लोकांना, दुसरं काय.

उतारमोजणी
नाना, नाण्यांची गोष्ट तेव्हा सगळीकडे छापून आली हे खरं. पण ती पूर्ण धरली तरी एक प्रश्न उरतो. तीच नाणी मोकळ्या मैदानात उधळली असती तर ३९ माणसं मेली असती का? रामकुंडाकडे जाणाऱ्या त्या उताराच्या अरुंद वाटेवरच का मेली? नाणी म्हणा, अफवा म्हणा, घसरलेली म्हातारी म्हणा, ही काडी झाली. दारू आधीच भरलेली असते.

मी मोठ्या स्टेडियमांमधून लोक बाहेर कसे पडतील याचे आराखडे करतो, सध्या दोह्यात. माझं म्हणणं गर्दीच्या घनतेपासून सुरू होतं. एका चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर दाटी वाटते, पण पाऊल आपल्या मनाने टाकता येतं. सहा-सातच्या पुढे गेलं की माणूस स्वतःच्या इच्छेने हलत नाही, गर्दी हलवेल तसा हलतो. गर्दी पाण्यासारखी हेलकावे खायला लागते, मागचा एक रेटा पुढे जाताना वाढत जातो. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने १९९३ मध्येच लिहून ठेवलंय की अशा वेळी माणसं पायातल्या चपलांमधून उचलली जातात आणि बहुतेक मृत्यू छाती दाबून श्वास कोंडल्याने होतात, तुडवल्याने नव्हे. कित्येक जण उभ्या उभ्याच जातात.

वार्ताहर, तुमच्या बाई बरोबर बोलत होत्या. अर्धा तास न हललेल्या गर्दीत पळापळ होऊच शकत नाही.

शब्दवेल्हाळ
थोडं विषयांतर, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. हिंदीत "भगदड" म्हणतात, त्यात पळणं आहे. इंग्रजी शब्दात बुजलेली गुरं उधळतात. आपला शब्द मात्र चेंगरण्यावरून आलाय, म्हणजे जे खरंच घडतं त्याचंच नाव. आणि आपण काय करतो? एजन्सीची हिंदी बातमी समोर घेऊन "पळापळ होऊन चेंगराचेंगरी" असं लिहितो. चांगल्याभल्या शब्दाच्या डोक्यावर परका शब्द आणून बसवतो.

माई_६२
मांढरदेवीला आता वर्षभर दर्शन असतं का? गुडघे दुखतात, गाडी किती वरपर्यंत जाते? कोणी नुकतं जाऊन आलं असेल तर सांगा.

कृष्णाकाठ
माई, देऊळ वर्षभर उघडं असतं, वाईकडून आणि भोरकडूनही रस्ता आहे. पौषातली गर्दी टाळून जा. इथे विषय जरा वेगळा चाललाय.

माई_६२
वाचलं आता वरचं सगळं. माझी चूक झाली. पण मग माझंही ऐका. एका यात्रेत, गाव सांगत नाही, नदीच्या घाटाकडे उतरताना मी अशी अडकले होते. ते भाऊ म्हणतात ना चपला निघतात, माझी डावी तिथेच राहिली. पाय जमिनीला लागत नव्हते, तरी मी पुढे जात होते. हात छातीशी दुमडलेले होते म्हणून श्वास घेता आला. शेजारचीचे हात खाली अडकले होते, ती पांढरी पडत गेली. आणि सांगू का, आरडाओरडा नव्हता. आधी पुष्कळ जयजयकार चालला होता, तो हळूहळू थांबला. ओरडायला पोटात हवाच नव्हती. मागचे मात्र मजेत नाव घेत होते, त्यांना काय कल्पना!

फौजदार_निवृत्त
माईंनी शेवटी म्हटलं तेच बंदोबस्तातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. पुढे माणूस मरतोय हे दोनशे फुटांवरच्याला कळत नाही. त्याला वाटतं रांग सरकत नाही, जरा रेटलं की सरकेल.

छत्तीस वर्षं यात्रांचे बंदोबस्त केले. लोकांना वाटतं पोलीस कमी होते म्हणून झालं. गाभाऱ्यापाशी शंभर माणसं उभी केली तरी फायदा नाही, कारण तिथून मागे ढकलताच येत नाही. गर्दी अडवायची ती पायथ्याला, अजून मोकळी असताना. त्यासाठी वरच्या पॉइंटवरच्या माणसाने वायरलेसवर "खालून बंद करा" म्हटलं की खालच्याने कोणाला न विचारता बंद केलं पाहिजे. प्रत्यक्षात खालचा साहेबांना विचारतो, साहेब ट्रस्टला विचारतात, तोवर एसटीच्या आणखी चार गाड्या रिकाम्या होतात. वार्ताहरांनी "किती पोलीस होते" याऐवजी "खालून बंद करण्याचा अधिकार कोणाला होता, आणि किती वाजता बंद केलं" हे विचारावं. वायरलेसची नोंदवही असते. त्यात वेळ असते.

मात्र पत्रकारांबद्दल तक्रारही आहे. आकडे वाढवून छापता, मग दवाखान्यासमोर नातेवाइकांची दुसरी गर्दी होते. तीही मी सांभाळलीय. अधिकृत आकडा येईपर्यंत थांबायला काय होतं?

सडेतोड_संगीता
फौजदारसाहेब, थांबायला काय होतं ते प्रयागराजला दिसलं. २९ जानेवारी २०२५, मौनी अमावस्या. घटना मध्यरात्रीनंतर एक ते दोनच्या दरम्यानची, आणि पोलिसांनी ३० मृत्यूंचा आकडा सांगितला तेव्हा संध्याकाळ झाली होती. दिवसभर टीव्हीवर "चेंगराचेंगरीसदृश स्थिती" चालू होतं. पुढे जूनमध्ये बीबीसीच्या वार्ताहरांनी घरोघरी जाऊन किमान ८२ मृत्यू झाल्याचं दाखवलं. अधिकृत आकड्याची वाट बघणं म्हणजे संयम नाही, ती नोकरी झाली.

फौजदार_निवृत्त
८२ चं मला माहीत आहे. त्यांना ते शोधायला चार-पाच महिने लागले, हेही लक्षात घ्या. पहिल्या रात्री कोणाकडे होता तो आकडा?

सडेतोड_संगीता
कोणाकडेच नव्हता. पण पहिल्या रात्री शवागाराबाहेर उभं राहून "इथे मी इतके मृतदेह मोजले, प्रशासनाने अजून आकडा दिलेला नाही" एवढं लिहिता येतंच. त्यात वाढवलेलं काय आहे?

कृष्णाकाठ
दोघांच्या भांडणात माझी बाजू संगीताताईंकडे झुकते, एका अटीवर: स्वतः मोजलेलं, आणि कुठे मोजलं ते सांगून. दोन रुग्णालयांचे आकडे आपण बेरीज करायचे नाहीत. एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवलेला रुग्ण दोनदा मोजला जातो. आणि नावांची यादी घरच्यांना कळल्याशिवाय नको. आमच्या वेळी नावात चूक होऊन एका जिवंत माणसाच्या घरी लोक भेटायला गेले होते.

तालुका_वार्ताहर
हे सगळं लिहून घेतोय. उतारमोजणी, मला आधीच जाऊन काय मोजता येईल? माझ्याकडे टेप आणि मोबाइल, बस्स.

उतारमोजणी
टेप पुरे. सगळ्यात अरुंद जागा शोधा. सरासरी रुंदी काही कामाची नाही. बाटलीतून पाणी तिच्या गळ्याएवढंच येतं.

हिशेब असा. स्टेडियमसाठी ब्रिटनमध्ये वापरतात त्या मार्गदर्शिकेत सपाट वाटेवर दर मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ माणसं धरतात, पायऱ्यांवर ६६. हे आकडे रिकाम्या हातांनी नीट चालणाऱ्यांचे. कडेवर पोर, डोक्यावर परडी, हातात नारळ असेल तर कमीच धरा. समजा पायऱ्या तीन मीटर रुंद आहेत आणि सगळे एकाच दिशेने चालताहेत. मिनिटाला साधारण दोनशे, तासाला बारा हजार. तीन लाख लोक येणार असतील तर नुसतं वर जायलाच पंचवीस तास लागतील. उतरणारे त्याच पायऱ्यांवर असतील तर दुप्पट. मग "अनपेक्षित गर्दी" हे वाक्य कोणी उच्चारलं की त्यांना हा हिशेब दाखवा.

आता गर्दी साठते कशी ते बघा. तासाला १५ हजार येताहेत आणि देवळातून १० हजारच बाहेर पडताहेत असं धरू. म्हणजे तासाला पाच हजार जास्तीचे. देवळापुढची गल्ली सहा मीटर रुंद, दोनशे मीटर लांब, म्हणजे १२०० चौरस मीटर. चौरस मीटरला चार या हिशेबाने तिच्यात ४८०० माणसं मावतात. तासाभरात ती दाटीवाटीने भरली. चाराचे सहा व्हायला आणखी २४०० लागतात, म्हणजे अर्ध्या तासाहून थोडं कमीच. सगळ्यांना गैरसोय वाटणं आणि माणसं मरू लागणं यात एवढाच वेळ असतो, आणि या अर्ध्या तासात बाहेरून बघणाऱ्याला फारसा फरक दिसत नाही. म्हणून कारण पहिल्या दिवशी कळत नाही. लोकांना शेवटचं मिनिट आठवतं, तासभर आधी साठलेलं कोणी पाहिलेलं नसतं.

नाशिकचा_नाना
हिशेब पटला. पण मग काडीची बातमीच करायची नाही का? नाणी, अफवा हे खोटं थोडंच असतं.

उतारमोजणी
करा की. फक्त "मुळे" लावू नका. "नाणी फेकल्याचं तीन प्रत्यक्षदर्शी सांगतात" हे चालेल. "नाण्यांमुळे ३९ ठार" यात चौकशी संपवल्यासारखं होतं. एकदा अफवेवर खापर फुटलं की वाटेची रुंदी कोणी विचारत नाही.

मांडवीकाठ
गोव्यातून लिहितोय. शिरगावची लईराई देवीची जत्रा, ३ मे २०२५ ची पहाट. होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालणारे व्रतस्थ भाविक, म्हणजे धोंड, आले होते, हजारोंनी. पहिल्या दिवशी सहा मृत्यू. आमच्याकडेही सकाळीच "शॉक लागला म्हणून" असं फिरायला लागलं, दुसरं कोणी म्हणालं धोंडांमध्ये धक्काबुक्की झाली. पण तिथे गेलेल्या प्रत्येकाला उतार माहीत आहे, आणि त्या उतारावर दुतर्फा दुकानं. उतारावर मागचा माणूस नुसता उभा राहिला तरी त्याचं वजन पुढच्यावर येतं, याबद्दल पहिल्या दिवशी मी कुठे फारसं वाचलं नाही.

एक शंका आहे. शॉकची अफवा दरवेळी कशी निघते? हरिद्वारला मनसादेवीच्या पायऱ्यांवर त्याच वर्षी जुलैमध्येही तेच ऐकलं.

उतारमोजणी
माझा एक अंदाज आहे, सिद्ध केलेलं नाही. दाट गर्दीतून धक्क्याची लाट जाते तेव्हा अंगाला जोराचा हिसका बसतो आणि सगळे एकदम हलतात. ज्याला तो बसतो त्याला कारण दिसत नाही. वर लायटिंगच्या वायरी लोंबत असतात. आणि कधी कधी करंट खरंच उतरलेला असतो, म्हणून ती शक्यता हसण्यावारी नेऊ नका. महावितरणचा फीडर किती वाजता बंद झाला, कोणी बंद केला, हे सबस्टेशनला विचारता येतं.

कृष्णाकाठ
आता वार्ताहर, तुमची गेल्या वर्षीची बातमी मी डेस्कवर असतो तर कशी केली असती ते लिहून दाखवतो. नावं-गावं तुमची तुम्ही भरा.

"डोंगरावरील देवीच्या जत्रेत शुक्रवारी रात्री मंदिराकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर गर्दीत चेंगरून अकरा जण जखमी झाले. ही संख्या ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी रात्री अकराला दिली. पायऱ्यांवर असलेल्या दोन महिलांच्या म्हणण्यानुसार रांग सुमारे अर्धा तास थांबलेली होती आणि मागून लोक येतच होते. विजेचा धक्का बसल्याची चर्चा खाली मंडपात होती. पायऱ्यांवरील कोणी त्याला दुजोरा दिला नाही. रांग का थांबली आणि पायथ्याचा प्रवेश किती वाजता बंद झाला, याविषयी पोलीस व देवस्थानकडून माहिती मिळालेली नाही."

यात "बेशिस्त" नाही, "बेभान" नाही, "काळाचा घाला" नाही. शेवटचं वाक्य काढून टाकायला डेस्क सांगेल, "माहिती नाही ही काय बातमी?" म्हणून. भांडा. दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यावरून प्रश्न विचारता येतो.

सडेतोड_संगीता
आणि परवानगीचं पत्र मागा. हाथरसला २ जुलै २०२४ ला १२१ माणसं मेली. परवानगी ८० हजारांची होती, पोलिसांच्या फिर्यादीत अडीच लाखांहून जास्त लोक आल्याचं म्हटलंय. हे दोन आकडे शेजारी ठेवले की बातमी आपोआप उभी राहते. फक्त पुढचा प्रश्न विसरू नका: ८० हजार झाल्यावर मोजणार कोण होतं, आणि एक्क्याऐंशी हजाराव्याला अडवणार कोण? नाहीतर सगळं आयोजकांवर ढकलून परवानगी देणारे मोकळे होतात.

फौजदार_निवृत्त
यावर मी सहमत, नाइलाजाने.

तालुका_वार्ताहर
काल जाऊन आलो. पायऱ्या देवस्थानच्या फलकानुसार चार मीटर. टेप लावली तर सगळ्यात अरुंद जागी, जिथे नारळाची आणि प्रसादाची दुकानं बांबू रोवून पुढे आलीत, तिथे दोन मीटर साठ. गेल्या वर्षी ज्या बाई अडकल्या त्या याच जागेच्या चार पायऱ्या खाली होत्या. उतरायचा मार्ग वेगळा म्हणून कागदावर दाखवलाय, प्रत्यक्षात त्याच्या तोंडाशी पार्किंग आहे, लोक चढत्या पायऱ्यांनीच उतरतात.

उतारमोजणी
चारऐवजी दोन साठ म्हणजे मिनिटाला नव्वदेक माणसं कमी, तासाला साडेपाच हजार. आणि उतरणारेही तिथेच, म्हणजे त्याहून वाईट. फोटो काढा, टेप दिसेल असा. ही बातमी जत्रेच्या आधीच द्या.

तालुका_वार्ताहर
संपादक म्हणाले, जत्रेच्या तोंडावर असं छापलं तर गावाची बदनामी होते, दुकानदारांच्या जाहिराती आहेत. बघू म्हणालेत.

माई_६२
छापलं नाही तर निदान तो बांबू तरी काढायला सांगा रे.

फौजदार_निवृत्त
सरपंचांना तोंडी सांगून होणार नाही. तहसीलदार जत्रेआधी नियोजनाची बैठक घेतात, तिथे फोटोसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आणि त्या दुकानांच्या जागेची पावती ग्रामपंचायत फाडते की देवस्थान, तेवढं बघून या. पायऱ्यांवरची जागा कोणीतरी भाड्याने दिली असणार.

तालुका_वार्ताहर
दोघंही फाडतात. दोन्ही पावत्यांचे फोटो मिळालेत. बैठक सोमवारी आहे.